टाकीतला क्यूब, उन्हातला स्लॅब

(दृश्य: सकाळ. स्लॅबवरची पोती, मातीचे वाफे.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, मे महिना. साडेनऊच वाजलेत आणि ही पोती हाताला कोरडी लागतायत. वाफ्यात काल संध्याकाळी भरलेलं पाणी आटलंय. काँक्रीट जिथं काळपट दिसतं तिथं ओल आहे. पांढुरकं दिसतं तिथं नाही.

पाइप धरलेला हा तरुण साइट इंजिनिअर आहे. तराई करणारे, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणारे सात मजूर कालपासून निंबाखाली बसलेत. तीन बाजार झाले, म्हणजे तीन आठवडे, मजुरीचा चुकारा झालेला नाही.

स्लॅब टाकून आज नववा दिवस. मालकाला पावसाआधी खाली गोदाम लावायचंय. ठेकेदाराला पाट्या-बल्ल्या दुसऱ्या गावी न्यायच्यात. दोघंही म्हणतात, सेंट्रिंग खोला. ठेकेदाराच्या हातात सात दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा रिपोर्ट आहे: पास.

(दृश्य: पाण्याच्या टाकीत क्यूब.)

हा क्यूब नीट बघा. 15 सेंटिमीटरचा ठोकळा, त्याच दिवशीच्या मालाचा. पण दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाला तो थेट पाण्यात गेला. स्लॅब राहिला उन्हात. माल चांगला होता एवढंच हा ठोकळा सांगतो. छतावर त्या मालाला किती पाणी मिळालं, ते त्याच्याकडून कळत नाही. ओल गेली की सिमेंटची ताकद वाढणं थांबतं. इथं सिमेंट पीपीसी आहे, म्हणजे राख मिसळलेलं. त्याला 14 दिवस ओल ठेवावी असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सुचवतं. दोन आधारांमधला गाळा 5 मीटरचा. साडेचार मीटरच्या वर गेलं की टेकेही किमान 14 दिवस काढायचे नसतात.

आणि करार असा, की ठेकेदाराला या स्लॅबचं बिल सेंट्रिंग खोलल्यावरच मिळणार. म्हणून तो मजुरी थांबवतो. मजुरी नाही म्हणून तराई नाही. तराई नाही म्हणून इंजिनिअर खोलू देत नाही. त्याचा पगार मालकाकडून, बिलावर सही त्याची, पण पैशाच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे नाही.

निंबाखालची बाई त्यालाच म्हणते, "साहेब, तुमी सही करा नं, मंग आमचे पैसे निघतीन."

(दृश्य: मापवही, पेन.)

तो मापवही उघडतो. काँक्रीट पडलंय, लोहा बांधलेला आहे, दोन्ही मोजता येतात. त्यांचं अर्धं बिल तो आजच काढतो आणि सेंट्रिंगचा भाग राखून ठेवतो. सोबत सात जणांची हजेरी जोडतो, तीन आठवड्यांची, नावानिशी. खाली लिहितो: चुकारा साइटवर, सर्वांसमोर व्हावा. सेंट्रिंग खोलायच्या कागदावर मात्र त्याने सही केलेली नाही.

मालकाच्या ओसरीवर कॅमेरा नेता आला नाही.

(दृश्य: पाण्याने भरलेले वाफे.)

दुसऱ्या दिवशी दोन बाजारांचे पैसे मिळाले. पाच जण परतले, दोघं गावी निघून गेले होते. स्लॅब पंधराव्या दिवशी खोलला. कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात केसासारख्या चिरा आहेत. तिसऱ्या बाजाराचे पैसे अजून यायचेत.