साक्षीदार लेस्टरला, उलटतपास ठाण्यात

[दृश्य: ठाण्याचा कोर्टनाका, सकाळ. झाडाखालची टायपिंगची टेबलं, फायली घेऊन निघालेले कारकून.]

साक्षीदार परदेशात असेल, तर व्हिडिओवरून साक्ष कशी होते, हे एक उदाहरण धरून पाहू. वडिलोपार्जित घराच्या वाटपाचा दावा ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात आहे. वादी बहीण इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते, प्रतिवादी भाऊ ठाण्यातच. भाऊ म्हणतो, वडिलांनी मृत्युपत्र करून घर मला दिलं. बहीण म्हणते, त्या मृत्युपत्रावरची सही वडिलांची नाही. वादाचे मुद्दे न्यायालयानं ठरवलेत, आता पुरावा सुरू व्हायचाय.

इथे घरचे लोक हमखास म्हणतात, "मामांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र आहे ना, मग तेच साक्ष देतील." तसं चालत नाही. जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. मुखत्यारानं स्वतः जे केलं, त्याबद्दल तो सांगू शकतो. मूळ पक्षकाराला जे स्वतःला माहीत आहे, ते त्याच्या वतीनं सांगू शकत नाही. वडिलांची सही बहिणीनं वर्षानुवर्षं पाहिलीय, मामांनी नाही. शिवाय पक्षकार स्वतः साक्षीला आलाच नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून साक्ष बहिणीचीच हवी.

तिनं विमानानं यायलाच हवं असं मात्र नाही. 2003 मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकेतल्या साक्षीदाराचा पुरावा व्हिडिओवरून घ्यायला मान्यता दिली. खटला फौजदारी होता, पण तत्त्व तेव्हापासून रुळलं. आज मुंबई उच्च न्यायालयाचे 2022 चे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे नियम आहेत.

[दृश्य: शपथपत्राचं शेवटचं पान. सही, शिक्का, तारीख.]

सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची पहिली साक्ष, शपथपत्रावरच होतो. बहिणीनं ते आधी सही करून मग शिक्क्याला न्यायचं नाही, सही अधिकाऱ्यासमोरच करायची. बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासात हे करता येतं. स्थानिक नोटरीकडे केलं, तर वर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र, लागेल. म्हणजे व्हिडिओची खरी गरज उलटतपासासाठी, समोरच्या वकिलाच्या प्रश्नांसाठी, आहे.

त्यासाठी वकील अर्ज देतात. अर्जाआधी समोरच्या वकिलांशी बोलून घ्यावं, नियमांची तीच अपेक्षा आहे. साक्षीदार परदेशात असेल, तर तिच्या बाजूचा समन्वयक म्हणून भारतीय वकिलातीतला अधिकारी धरला जातो. आपल्या स्वयंपाकघरातून लॅपटॉप लावून बसणं इथे गृहीत धरता येत नाही. न्यायालयाचा आदेश दूतावासाला पाठवायचा, त्यांच्याकडून खोली आणि वेळ लेखी घ्यायची, आणि मगच तारीख पक्की करायची. आधी तारीख घेऊन नंतर दूतावासाला विचारलं की तारीख वाया जाते. खर्च सहसा अर्ज करणाऱ्यावरच येतो.

वेळ भारतीय वेळेत लिहून घ्या. आपल्या दुपारी साडेतीनला इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेतीनला तिथे दहाच वाजलेले असतात. पुढची तारीख नोव्हेंबरात पडली आणि कुणी नुसतं "अकरा वाजता" लिहून ठेवलं, तर कोर्ट तासभर थांबणार नाही. न्यूयॉर्कचा साक्षीदार असेल, तर आणखी कठीण. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कोर्टाचं कामकाज तोवर आटोपलेलं असतं. अशा वेळी न्यायालयाच्या वतीनं साक्ष नोंदवणारा कमिशनर नेमण्याची मागणी विचारात घ्यावी.

[दृश्य: टेबलावर कागदांचा गठ्ठा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईचा आकडा.]

साक्ष कोलमडते ती बहुतेकदा कागदांवर. मूळ मृत्युपत्र ठाण्याच्या फाइलमध्ये आहे. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या कागदावरची सही चमकते, पुसट दिसते. अशा सहीबद्दल "ही वडिलांची आहे का?" या प्रश्नाला दिलेलं उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचं. म्हणून निशाणी, म्हणजे न्यायालयाचा पुराव्याचा क्रमांक, पडलेल्या सगळ्या कागदांची स्कॅन केलेली, बदल करता न येणारी प्रत न्यायालयाकडून समन्वयकाच्या अधिकृत ईमेलवर आधीच जायला हवी. दोन्हीकडे पान क्रमांक एकच हवेत. "निशाणी 32, पान 4" म्हटल्यावर बर्मिंगहॅमला तेच पान उघडलं पाहिजे. सही रंगीत आणि मोठ्या आकारात स्कॅन करा, शाईचा दाब आणि अक्षरांचं वळण काळ्या-पांढऱ्या प्रतीत हरवतं.

आता खरा पेच. उलटतपासात समोरचा वकील फाइलमध्ये नसलेला कागदही साक्षीदारासमोर ठेवू शकतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी मुभा आहे. समजा, बहिणीनं भावाला लिहिलेलं जुनं पत्र त्याच्याकडे आहे. ते आधी ईमेल केलं तर उलटतपासातली धार गेली, आणि आयत्या वेळी दाखवायचं तर ते लेस्टरच्या साक्षीदारासमोर पोहोचणार कसं? एक मार्ग म्हणजे प्रत सीलबंद पाकिटात समन्वयकाकडे पाठवायची आणि न्यायाधीशांनी सांगितल्यावरच सील फोडायचं. दुसरा म्हणजे कोर्टातल्या डॉक्युमेंट व्हिज्युअलायझरखाली, कागद पडद्यावर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याखाली, कागद ठेवायचा. पाकिटाची परवानगी तारखेआधी मागा. हे बहिणीच्या वकिलानंही लक्षात ठेवावं, कारण पाकीट आलंय म्हणजे काहीतरी नवीन पुढे येणार.

[दृश्य: दूतावासातली साधी खोली. एक टेबल, पडदा, बाजूला बसलेला अधिकारी.]

साक्षीच्या दिवशी बहिणीनं निदान अर्धा तास आधी पोहोचायचं, पासपोर्ट जवळ ठेवायचा. फोन, टिपणं, शपथपत्राची खुणा केलेली प्रत समोर नको. न्यायालयाच्या परवानगीशिवाय साक्षीदाराला कुठलाही कागद किंवा उपकरण पाहता येत नाही. खाली टेबलाकडे गेलेली नजरसुद्धा पडद्यावर वाचत असल्यासारखी दिसते. खोलीत कुणी सूचना देणार नाही, याची जबाबदारी समन्वयकाची.

आवाज एखाद सेकंद उशिरा पोहोचतो. प्रश्न संपला, वकिलांनी हरकत घेतली, आणि त्याच क्षणी तिकडून "हो" आलं, तर ते "हो" कोणत्या प्रश्नाचं? बहिणीनं प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबूनच बोलावं. दुसरी बाजूही आहे. न्यायाधीश साक्षीदाराच्या हावभावांची नोंद करू शकतात. लाइनमुळे झालेला उशीर "साक्षीदार घुटमळली" असा लिहिला जाऊ नये, म्हणून वकिलांनी तिथल्या तिथे उठून सांगायला हवं आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या टिपणात, नोंद मागायला हवी. आवाज तुटला, चित्र थिजलं, तरी हेच. दोन तारखा उलटल्यावर केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही.

कुटुंब न्यायालयात गोपनीयतेची काळजी जास्त. कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार कुणा एका पक्षकाराची इच्छा असेल, तर सुनावणी बंद दालनात होते. मग साक्षीदाराच्या खोलीतही सोबत आलेला नातेवाईक चालणार नाही. कॅमेरा एकदा फिरवून खोली दाखवायला सांगावं.

[दृश्य: स्टेनोच्या पडद्यावर उमटत जाणारी जबानी.]

उलटतपास संपला की टाइप झालेली जबानी साक्षीदाराला पडद्यावर दाखवून घ्या. नावं, साल, आणि "माहीत नाही" व "आठवत नाही" यांतली अदलाबदल, एवढं तरी तिनं नीट वाचावं. दुरुस्ती लगेच सांगावी. मग प्रत ईमेलनं समन्वयकाकडे जाते. डिजिटल सही नसेल, तर बहीण छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर सही करते, समन्वयकही सही करतो. स्कॅन ईमेलनं आणि मूळ पानं टपालानं किंवा कुरिअरनं ठाण्याला येतात. मूळ पानं फाइलला लागली का, हे वकिलांच्या कारकुनानं पुढच्या तारखेआधी स्वतः पाहून घ्यावं. भावाच्या साक्षीची पाळी त्यानंतर येते.