सलग दोन अवे मॅच येतात कुठून?

फिक्स्चर लिस्ट हातात आली की क्लबचा सेक्रेटरी आधी बघतो काय, तर आपल्याला लागोपाठ दोनदा बाहेर पाठवलंय का. आणि पाठवलं असेल तर लगेच लीगला फोन, आमच्याच वाट्याला का म्हणून. तर ते कुठून येतं ते बघू.

सहा टीमची लीग घ्या. पहिल्या लेगमध्ये, म्हणजे सगळ्या एकमेकींशी एकेकदा खेळतात तेव्हा, प्रत्येकीच्या पाच मॅच. एक होम, एक अवे असं अगदी आलटून पालटून चालणारे पॅटर्न दोनच निघतात, एक होमने सुरू होणारा आणि दुसरा अवेने. आता दोन टीमना सेम पॅटर्न दिला तर त्या एकमेकींशी खेळणार कधी, कारण प्रत्येक राउंडला दोघी एकतर घरी असणार नाहीतर दोघी बाहेर. म्हणजे सहाही पॅटर्न वेगळे पाहिजेत, आणि म्हणून उरलेल्या चार टीमना कुठेतरी एकदा सलग दोन होम किंवा सलग दोन अवे येणारच. इंग्लिश प्रीमियर लीगच्या 20 टीमना पण हाच हिशोब, एका लेगमध्ये किमान 18 टीमना हे चुकत नाही.

खरी गडबड होते ती दोन लेग जोडताना. बरेच जण पहिलाच लेग त्याच क्रमाने उलटा करून, म्हणजे होमचं अवे आणि अवेचं होम करून, पुढे लावतात. स्क्रीनवरच्या सहा टीमच्या लिस्टमध्ये चार नंबरची टीम बघा. तिचा पहिला लेग होम, अवे, होम, अवे, अवे. उलटा लेग सुरू होतो अवेने. झाले सलग तीन अवे! ह्याच्यावर मात्र सेक्रेटरीने बोलायलाच पाहिजे, कारण हे टाळता येतं.

कसं, तर दुसरा लेग पहिल्या राउंडने सुरू न करता दुसऱ्या राउंडने सुरू करायचा आणि पहिल्या राउंडच्या परतीच्या मॅच एकदम शेवटी टाकायच्या. ह्याला फ्रेंच पद्धत म्हणतात. मग चार नंबरचा दुसरा लेग होतो होम, अवे, होम, होम, अवे, सलग तीन गेले. गंमत म्हणजे सहा टीमच्या ह्या लिस्टमध्ये अशा सलग जोड्या दोन्ही पद्धतीत 12च भरतात, पण उलट्या लेगमध्ये त्या चार टीमच्या डोक्यावर तीन-तीन बसतात आणि दोन टीम मोकळ्या सुटतात, फ्रेंच पद्धतीत सगळ्यांना दोन-दोन. माझ्या मते तरी बॅलन्स म्हणायचं ते ह्यालाच.

आणि ग्राउंड शेअर असेल तर? ह्या लिस्टमध्ये दोन आणि तीन नंबरचे पॅटर्न एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत, एक घरी तेव्हा दुसरी बाहेर. मिलानच्या सान सिरोवर एसी मिलान आणि इंटर दोघांचं होम ग्राउंड, तिथे हेच सांभाळावं लागतं. म्हणून ग्राउंड कुणाबरोबर शेअर आहे, कुठल्या तारखांना मिळणार नाही, हे नंबर वाटायच्या आधी लेखी कळवा. नंतर एक मॅच फिरवली तरी समोरच्या टीमचा पॅटर्न हलतो आणि परतीची मॅच पण फिरवावी लागते.