मण्यार चावल्यावर पापण्या का मिटतात

पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोट दुखू लागतं. मग पापण्या मिटतात, बोलणं जड होतं, घोट गिळता येत नाही आणि श्वास मंदावतो. शुद्ध मात्र असते. मग बिघडलं कुठं?

चेतातंतू जिथं स्नायूला भेटतो, तिथं. तंतूच्या टोकात ४०–५० नॅनोमीटर आकाराच्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, असतात आणि प्रत्येकीत स्नायूला आकुंचनाचा निरोप देणाऱ्या ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू. विद्युतसंदेश आला की कॅल्शियम आत शिरतं. पुटिकेवरचं एक प्रथिन आणि टोकाच्या पटलावरची दोन प्रथिनं एकमेकांना पीळ घालतात, पुटिका पटलात मिसळते आणि आतला माल बाहेर पडतो. या पिळाचा एक धागा बॉट्युलिनम विष कापतं. सुरकुत्यांवर देतात ते बोटॉक्स म्हणजे हेच विष, अत्यल्प मात्रेत.

रिकाम्या पुटिकेचं पटल पुन्हा आत ओढलं जातं आणि तिच्यात नवा माल भरतात. बाहेर पडलेलं ॲसिटिलकोलीन मात्र अख्खं परत येत नाही. एक विकर ते तोडतं आणि त्यातलं कोलीन तेवढं टोक परत घेतं. मेंदूत सेरोटोनिनची गोष्ट वेगळी. ते अख्खं परत घेतलं जातं, आणि नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन तेच दार अडवतं.

मण्यारीच्या विषातला मुख्य घटक टोकाच्या पटलातली स्निग्धद्रव्यंच तोडतो. पुटिका रित्या होतात, पण परत घडत नाहीत. साठा संपतो आणि पुढे टोकच उद्ध्वस्त होतं. नागाचं विष पलीकडे, स्नायूवर ॲसिटिलकोलीन जिथं चिकटतं त्या ग्राहकांवर बसतं. पुटिका शाबूत राहतात. म्हणून नागदंशात निओस्टिग्मीन कामी येतं: ते त्या विकराला रोखतं, ॲसिटिलकोलीन साचतं आणि विषाशी जागेसाठी झगडतं. निओस्टिग्मीननंतर पापण्या उचलल्या गेल्या, तर ते लागू पडतंय हे कळतं. मण्यारदंशात माल सुटतच नाही, मग साचवणार काय?

प्रतिविषाचीही मर्यादा इथंच आहे. ते रक्तातलं विष निकामी करतं, उद्ध्वस्त झालेलं टोक जोडत नाही. म्हणून ते लवकर द्यायचं. तरीही श्वास थांबला, तर नवी टोकं फुटेपर्यंत, म्हणजे काही दिवस, कधी काही आठवडे, व्हेंटिलेटर चालू ठेवायचा.

या काळात रुग्ण बोट हलवत नाही, बाहुल्या मोठ्या होतात आणि प्रकाशालाही प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मृत झाल्यासारखं दिसतं. पण रुग्ण खाटेभोवतीचं बोलणं ऐकत असू शकतो. मण्यारीची शंका असेल तर एवढ्यावरून आशा सोडू नका, आणि त्याच्याशी बोलत राहा.