हप्ता तोच, मुदत मात्र कुठच्या कुठे

(नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दोन वर्षांपूर्वी अंबडच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. हातात गृहकर्जाचं स्टेटमेंट होतं. म्हणाले, "साहेब, हप्ता एक रुपयाने वाढलेला नाही. मग ही बायको रोज का भांडते?" बायकोचं बरोबर होतं. तिने शेवटचं पान पाहिलं होतं.

नाव बाजूला ठेवू. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. तीस लाख कर्ज, वीस वर्षं, दर पावणेसात टक्के, हप्ता २२,८११. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्के होता आणि त्यावर बँकेचे पावणेतीन. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ. यांचा दर सव्वानऊ.

आता हिशेब करू. खरी वाढ टप्प्याटप्प्याने झाली, पण आपण समजू की चोवीस हप्ते भरून झाले आणि मग दर एकदम बदलला. प्रत्यक्षात बाकी याहून थोडी जास्तच निघेल. इथे बहुतेक लोक पहिली चूक करतात. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडायचा, मूळ तीस लाख टाकायचे, वीस वर्षं टाकायची आणि नवा दर टाकायचा. असं नाही. दर बदलला त्या दिवशीची बाकी घ्यायची आणि उरलेले हप्ते घ्यायचे. जुने हप्ते गंगेला गेले, ते परत मोजायचे नाहीत. यांची बाकी होती २८,४७,९३१ आणि उरलेले हप्ते २१६.

जुन्या दराने या बाकीवर महिन्याचं व्याज सोळा हजार वीस. हप्त्यातून व्याज गेलं की ६,७९१ रुपये मुद्दलात जायचे. सव्वानऊने व्याज झालं २१,९५३. हप्ता तोच, २२,८११. मुद्दलात किती गेले? आठशे अठ्ठावन्न. साडेअठ्ठावीस लाखांच्या मुद्दलाला महिन्याला आठशे अठ्ठावन्न रुपये!

मग हे फिटणार कधी? एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये एका ओळीत येतं:

```
=NPER(0.0925/12,-22811,2847931)
```

उत्तर येतं साधारण ४२७.२, म्हणजे ४२८ हप्ते. उरले होते अठरा वर्षांचे, आता पस्तीस वर्षं आणि आठ महिने. हप्त्यांची बेरीज केली तर जवळपास साडेसत्त्याण्णव लाख.

या वाढीचा वेग बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. दर पावणेसातवरून पावणेआठ झाला असता, तर २१६ चे २५५ झाले असते. ३९ हप्ते वाढले. पुढचा एक टक्का, पावणेनऊ, ३३२. म्हणजे या वेळी ७७ वाढले. आणि त्यापुढच्या नुसत्या अर्ध्या टक्क्याने ९६. दराची वाढ तेवढीच किंवा त्याहून कमी, पण फटका प्रत्येक वेळी मोठा. कारण दर वाढला की मुद्दलाला जाणारा तुकडा आकसतो, आणि कर्ज फिटतं ते त्या तुकड्यानेच.

आपण नाशिककर पूर आला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी गुडघ्याला आहे की कमरेला, की गळ्याला. तुमच्या कर्जाचाही असा एक गळा असतो आणि तो काढायला एक्सेल लागत नाही. हप्त्याला बाराने गुणा, बाकीने भागा. यांचं २२,८११ गुणिले बारा, भागिले २८,४७,९३१, म्हणजे ९.६१ टक्के. या दराला हप्ता आणि व्याज सारखं होतं, मुद्दल हलतच नाही. त्याच्या वर गेलात तर हप्ता भरूनही बाकी वाढते. हे गृहस्थ त्यापासून साधारण पाव-अर्ध्या टक्क्याच्या अंतरावर होते आणि त्यांना वाटत होतं आपलं काही बदललं नाही.

मग बँकेने ४२८ हप्ते लावले का? नाही, लावूच शकत नाही. त्यांचं वय चाळीस आणि बँकेची अट साठपर्यंतची, म्हणजे जास्तीत जास्त २४० हप्ते. तेवढ्यात बसवायचं तर हप्ता २६,०८३. मूळच्या २१६ मध्येच बसवायचं तर:

```
=PMT(0.0925/12,216,-2847931)
```

२७,११६. म्हणजे ४,३०५ रुपये जास्त. एकूण भरणा साडेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास. त्या साडेसत्त्याण्णव लाखांशी ताडून बघा.

त्यांना चार हजार झेपत नव्हते, मुलीची फी होती. पण दोन लाखांची एफडी होती, आणि एफडीवर सव्वानऊ टक्के मिळत नव्हते. मी म्हटलं, मोडा. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. बाकी झाली २६,४७,९३१. तोच जुना हप्ता ठेवला असता तरी ४२८ चे २९४ झाले असते. दोन लाखांनी अकरा वर्षं गिळली! हे नेहमी असं होत नाही बरं का; पाणी गळ्यापर्यंत आलं होतं म्हणून झालं. शेवटी २४० हप्ते ठरवले, हप्ता २४,२५२. चौदाशे एक्केचाळीस रुपयांची वाढ.

माझ्या स्वतःच्या कर्जात, जुनी गोष्ट आहे, मुदत वाढल्याचं मला सात-आठ महिन्यांनी कळलं, तेही योगायोगाने. आता तसं चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम आणि उरलेले हप्ते असले पाहिजेत. आणि मुदत इतकी ताणायची नाही की हप्ता व्याजालाही पुरणार नाही. पण निवड लेखी मागा. काही कळवलं नाहीत, तर बहुतेक वेळा मुदतच वाढते.

मागून एका ताईंनी विचारलं, "दर खाली आले तर?" २०२५ मध्ये रेपो खाली आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच राहिला आणि मुदत कमी झाली. तेच बरं. मुद्दलाला जाणारा तुकडा पुन्हा मोठा होतो आणि मघाचा तोच वेग उलटा धावतो. हप्ता कमी करून मागू नका, अगदीच गरज नसेल तर.

एक शेवटचं, किरकोळ वाटतं पण अडवतं. त्या गृहस्थांचा पहिला नवा हप्ता परत गेला. खात्यात पैसे होते! हप्ता खात्यातून आपोआप कापायची जी परवानगी बँकेला देतो, त्या मॅन्डेटची कमाल मर्यादा तेवीस हजार होती आणि चोवीस हजार त्यातून कापलेच जाईनात. हप्ता वाढवायचा अर्ज देताना त्याच खिडकीवर मॅन्डेटची मर्यादा विचारा आणि कमी असेल तर नवं मॅन्डेट तिथेच भरून द्या.