काम पोचल्यावर मागितलेली सूट

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी एकाच फोनबद्दल बोलणार आहे. तुम्ही काम पूर्ण करून दिलेलं असतं, बिल पाठवलेलं असतं, आणि दोन-चार दिवसांनी फोन येतो. "ताई, काम झकास झालंय. बिल बघितलं. जरा कमी-जास्त करा की."

मी नाशिकमध्ये उत्पादनांचे फोटो काढून त्यांचे कॅटलॉग करून देते. पितळी भांडी बनवणाऱ्या एका शेठचं काम घेतलं होतं, १२० वस्तूंचे फोटो आणि त्यांची मांडणी. ठरलेली रक्कम दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी २७,००० रुपये, म्हणजे एकूण १,७७,०००. कोटेशनवर त्यांची सही होती. ७०,८०० रुपये आगाऊ मिळाले होते, १,०६,२०० बाकी होते. टीडीएसचा हिशोब आज बाजूला ठेवते. तो कापला म्हणजे सूट दिली असं होत नाही, ते पैसे आपल्याच नावावर जमा होतात.

फायली देऊन आठवडा झाला आणि शेठचा फोन आला. "दीड लाखाचे सव्वा लाख धरा, उद्याच चेक देतो. पुढची सगळी कामं तुम्हालाच."

पंचवीस हजार. ऐकायला दीड लाखातला सहावा हिस्सा. पण माझ्या वहीत त्या कामाचा हिशोब असा होता: मदतनीस, लाइटचं भाडं, फोटोंची सफाई, ने-आण मिळून ८२,००० बाहेर गेलेले. पाच आठवड्यांचे पगार आणि जागेचं भाडं यातला या कामाचा वाटा ३८,०००. उरतात ३०,०००. त्यातले २५,००० शेठना दिले तर पाच आठवड्यांच्या कामातून माझ्याकडे पाच हजार राहणार. काम सुरू व्हायच्या आधी त्यांनी हेच म्हटलं असतं, तर मी चाळीस वस्तू कमी केल्या असत्या, किंवा एका वस्तूचे दोन कोन घ्यायचे तिथे एकच घेतला असता. काम झाल्यावर कमी करायला काहीच उरत नाही. खर्च होऊन गेलेला असतो, सूट सरळ आपल्या नफ्यातून जाते. म्हणून तो फोन येण्याआधी हा हिशोब आपल्याला तोंडपाठ हवा.

त्यात जीएसटीचीही एक गाठ आहे. बिल निघालं, विवरणपत्रात गेलं, की कर पूर्ण दीड लाखावर लागतो. शेठनी नुसते पैसे कमी पाठवले आणि मी गप्प बसले, तर त्या २५,००० वरचे ४,५०० रुपयेही माझ्याच खिशातून जातात. रक्कम खरोखर कमी करायची असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि शेठनी त्या कराचं क्रेडिट घेतलं असेल तर त्यांना तेवढं परत फिरवावं लागतं. "तोंडी मिटवून टाकू" यात दोघांचेही कागद बिघडतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा फोनवर लगेच आकडा सांगून मोकळी व्हायचे. एकदा एका ग्राहकाला वीस टक्के सोडले. पुढच्या कामाचं कोटेशन पाठवलं तर तो म्हणाला, "हा सांगायचा भाव झाला, द्यायचा किती ते बोला." त्याच्या मेव्हण्याचं काम आलं, तेही वीस टक्के सोडूनच बोलायला लागले. माझं कोटेशन त्या घरात कोणी पुन्हा खरं मानलं नाही. तेव्हापासून मी फोनवर आकडा बोलत नाही.

शेठना मी एवढंच विचारलं, "शेठ, कामात काही कमी राहिलंय का? राहिलं असेल तर मला आधी ते सांगा." आणि गप्प राहिले. ही शांतता अवघड जाते, पण ती सोसा. कारण सूट मागण्यामागे काय आहे हे आपल्याला अजून कळलेलं नसतं. कुणाला खरंच काम आवडलेलं नसतं पण तोंडावर सांगवत नाही. कुणाचे पैसे अडकलेले असतात. आणि कुणी बाजारात सगळ्यांनाच विचारतो, तसं आपल्यालाही विचारतो. तिघांना उत्तर वेगळं द्यावं लागतं.

शेठ जरा वेळाने म्हणाले, "काही भांडी तांब्यासारखी लाल दिसताहेत." मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात गेले, समई हातात घेतली आणि स्क्रीनशेजारी धरली. ते बरोबर होते. नऊ फोटोंत शेजारच्या तांब्याच्या घागरीची झाक पितळेवर उतरली होती. चकचकीत भांडं आरशासारखं असतं, शेजारी काय ठेवलंय ते त्यात दिसतंच. मांडणी करताना ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. बाकीचे सगळे त्यांनी एकेक करून मान्य केले. मग बोलणं पंचवीस हजारांवरून नऊ फोटोंवर आलं. ते मी अर्ध्या दिवसात पुन्हा काढून दिले. त्यांना नको असते तर फोटोमागे ६०० प्रमाणे ५,४०० रुपयांची क्रेडिट नोट काढली असती. चूक असेल तर तेवढी भरून द्यायची, त्यात कमीपणा नाही.

उरलेल्या रकमेवर मी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं:

"शेठ, नमस्कार. नऊ फोटो शुक्रवारी नवे देते. बाकी काम आपण आज पाहून मान्य केलंत, धन्यवाद. त्याची रक्कम कोटेशनप्रमाणेच राहील, ती कमी करणं मला शक्य नाही. एकदम देणं अवघड असेल तर दोन हप्ते करू, तारखा आपण सांगा. पुढच्या कामात वस्तू २०० च्या वर असतील तर दर आधीच बसून ठरवू."

यात "माफ करा" नाही, आणि माझा खर्च किती झाला तेही नाही. खर्च सांगितला की एकेका ओळीवर घासाघीस सुरू होते. मुदत वाढवून दिली आहे, भाव कमी केलेला नाही. पुढच्या कामाचा दर पुढच्या कामालाच बांधला आहे.

कायदा मी त्या मेसेजमध्ये आणला नाही, पण माहीत असावा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने माल किंवा सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असं एमएसएमईडी कायदा मानतो. लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. म्हणून फायली दिल्याचा दिवस ईमेलवर नोंदवून ठेवा, आणि नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. पैसेच देत नाही अशा माणसासाठी हा रस्ता आहे. सूट मागणाऱ्याला पहिल्याच दिवशी कलम दाखवलं तर तो ग्राहक गेला समजा.

शेठचं उत्तर दोन दिवस आलं नाही. मीही पुन्हा मेसेज केला नाही. शुक्रवारी नवे फोटो घेऊन गेले तेव्हा कळलं, एका मोठ्या व्यापाऱ्याकडे त्यांचे पैसे दिवाळीपासून अडकले होते. त्यांनी ५६,००० चा चेक त्याच दिवशी दिला आणि ५०,००० चा पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा. वरचे दोनशे त्यांनी सोडायला सांगितले, ते मी सोडले. दुसरा चेक वेळेवर वटला.