निरोपाचं फ्रेंच

नमस्कार श्रोतेहो. फ्रान्समध्ये शाळेचं वर्ष जुलैच्या सुरुवातीला संपतं. त्या सुमारास निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी शाळेतच छोटा समारंभ होतो, त्याला म्हणतात 'पो द देपार'. समजा, ल्यों शहरातल्या एका बालशाळेतल्या बाई आज निरोपाचं बोलायला उभ्या आहेत. समोर सहकारी, पालक आणि मुलं.

सुरुवात होते 'शेर कोलेग' अशी, म्हणजे प्रिय सहकाऱ्यांनो. यातला 'शेर' स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळा लिहितात, पण कानाला अगदी सारखाच लागतो. कागदावर दोन्ही रूपं लिहिलेली शोभतात. मोठ्यानं वाचताना मात्र तेच दोनदा ऐकू येतं, म्हणून बोलताना एकदाच म्हटलेलं बरं.

मग पालकांचे आभार, आणि इथेच परकी माणसं हमखास अडखळतात. 'तुम्ही तुमची मुलं माझ्या हाती सोपवलीत, त्याबद्दल आभार' असं बाईंना म्हणायचंय. आपण शब्दाला शब्द जोडत म्हणून बसतो, 'मेर्सी द म कोंफिए व्हो-झाँफाँ'. पण मेर्सीनंतर साधं क्रियापद आलं की ती सहसा विनंती होते. दारावरच्या पाटीवर 'मेर्सी द फेर्मे ला पोर्त' लिहिलेलं असतं, म्हणजे कृपया दार बंद करा. तेव्हा आपल्या वाक्याचा अर्थ होतो, कृपया मुलं माझ्या ताब्यात द्या! आणि तेही निवृत्तीच्या दिवशी. झालेल्या गोष्टीचे आभार मानायचे तर मध्ये 'आव्वार' हवं: 'मेर्सी द माव्वार कोंफिए व्हो-झाँफाँ'. 'कोंफिए' दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, सगळा फरक त्या एका 'आव्वार'मध्ये आहे. तो गिळू नका, सावकाश उच्चारा.

आता तू आणि तुम्ही. सगळ्यांना मिळून बोलताना 'व्हू', आपल्या 'तुम्ही'सारखंच, त्यात मुलंही आली. पण एकेकाकडे वळलं की निवड करावी लागते. पालकांना व्हू. सहकारी शिक्षक मात्र एकमेकांना बहुधा 'त्यु' म्हणतात, म्हणजे तू. वर्षानुवर्षं शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या मैत्रिणीला आज सभेत अचानक व्हू म्हटलं तर तिला ते परकं वाटेल, मला तरी वाटलं असतं.

आणि एक व्यक्ती यादीतून सुटू नये: अत्सेम. बालशाळेत शिक्षिकेच्या जोडीला असणारी ही मदतनीस. ती मुलांचे हात धुते, रंगांची भांडी आवरते, रडणाऱ्याला जवळ घेते. ती शिक्षक नसते, त्यामुळे सहकारी म्हणताना ती आठवेलच असं नाही. म्हणून तिला वेगळं वाक्य द्यावं, तेही त्यु म्हणून, तिच्याकडे बघून. बाई तिला म्हणतील, 'ए त्वा, मेर्सी दाव्वार नुए ताँ द लासे.' आणि तू, इतक्या बुटांच्या नाड्या बांधल्यास, त्याबद्दल तुझे आभार.