तीन हजारांचं शुल्क, साडेबारा हजारांचं बिल

मंडळी, विषय ठरला तेव्हा आयोजकांनी मला विचारलं, "विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला खरा खर्च किती, यावर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? शुल्क अधिक भाड्यातला फरक, झालं!" मी म्हटलं, अगदी बरोबर, तेवढं दोन मिनिटांत सांगून होईल. उरलेला वेळ मी माझ्या दादाबद्दल बोलेन. ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. मी बावीस वर्षं तिकिटं काढायच्या आणि बदलायच्या कामात घालवली, पण तिकीट काढताना दादाने मला कधी विचारलं नाही. तिकीट अडकलं की मात्र फोन. तर एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "हे लोक मला लुटतायत." मी विचारलं, कोण लोक? म्हणाला, "विमानवाले. नियमात लिहिलंय की तारीख बदलायचं शुल्क 3,000. आणि पडद्यावर मागतायत 12,500! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय मी." स्क्रीनशॉट काढला की माणसाला निम्मा न्याय मिळाल्यासारखं वाटतं, नाही का? (हशा)

त्याचं जायचं-यायचं तिकीट होतं. निघायला अजून नऊ दिवस होते. जायची तारीख तीच ठेवायची होती, परतीची फक्त तीन दिवस पुढे ढकलायची होती. आकडे सांगते, चलन तुम्हाला हवं ते धरा, गणित बदलत नाही. जायचं मूळ भाडं 9,000, यायचं मूळ भाडं 9,000, कर आणि विमानतळाचे आकार मिळून 4,000. एकूण 22,000. तिकीट त्याने तीन महिने आधी काढलं होतं, आणि तो स्वस्ताईचा अभिमान त्याने घरात सगळ्यांना पुरेपूर वाटला होता.

मी म्हटलं, दादा, मागितलेल्या रकमेचा तपशील उघड. तो म्हणाला, तपशील वगैरे काही नाही, सरळ बिल आहे. असतो हो तपशील! रकमेशेजारी एक बारीक खूण असते, ती दाबावी लागते. बावीस वर्षांत हजारो लोकांनी माझ्यासमोर रागाने टेबल आपटलं, पण ती खूण दाबलेली माणसं मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. काही ठिकाणी तपशील नसतोच, ते कबूल. मग फोन करून "मूळ भाड्यातला फरक किती, करातला किती आणि शुल्क किती, वेगवेगळं सांगा" असं विचारावं लागतं. नुसतं "एवढे का?" विचारलं तर "सिस्टिम दाखवते" एवढंच उत्तर मिळतं.

तर तपशील असा निघाला. शुल्क 3,000. करातला फरक 500. परतीच्या भाड्यातला फरक 3,000, कारण नव्या तारखेला 9,000 वाला वर्ग संपला होता आणि 12,000 वाला उरला होता. इथे वर्ग म्हणजे बसायची जागा नव्हे. एकाच इकॉनॉमीत, एकाच रांगेत, डझनभर भाडी असतात. प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं, आणि त्या अक्षराखाली आज किती जागा विकायच्या ते कंपनी ठरवते. स्वस्त अक्षर बंद झालं की त्याच खुर्चीचं भाडं वरच्या अक्षराने लागतं. शिवाय स्वस्त भाड्याला बऱ्याचदा अट असते की प्रवासाच्या चौदा किंवा एकवीस दिवस आधी तिकीट निघालं पाहिजे. नऊ दिवस उरल्यावर जागा असली तरी ते भाडं मिळत नाही.

आतापर्यंत झाले 6,500. मग उरलेले 6,000 कुठून आले?

ते आले जायच्या प्रवासातून. हो, ज्या प्रवासाला दादाने हातही लावला नव्हता, त्याचेच. तीन महिन्यांपूर्वी 9,000 ला घेतलेल्या त्या जायच्या जागेचं आजचं भाडं 15,000 झालं होतं, आणि त्याच्या तिकिटाचा नियम असा होता की प्रवास सुरू होण्याआधी काहीही बदललं तर संपूर्ण तिकीट आजच्या भाड्याने नव्याने मांडायचं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा फोनवर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाला, "म्हणजे मी परतीचा शर्ट बदलायला गेलो आणि त्यांनी पँटचेही पैसे घेतले?" मी म्हटलं, दादा, तिकीट हा सूट असतो. (हशा)

नियमाच्या मजकुरात दोन शब्द शोधायचे असतात: करंट आणि हिस्टॉरिकल. करंट म्हणजे बदलाच्या दिवशी चालू असलेलं भाडं. हिस्टॉरिकल म्हणजे तुम्ही तिकीट काढलंत त्या दिवशीच्या यादीतलं भाडं. पुष्कळ नियमांत निघण्याआधी करंट आणि एक टप्पा उडून झाल्यावर हिस्टॉरिकल असं असतं. काहींत न बदललेल्या टप्प्याचं भाडं जसंच्या तसं राखायची मुभा असते. दादाच्या तिकिटात ती नव्हती. पण दुसरी सोय होती. जायचा प्रवास होऊन गेला की त्याचे 9,000 कायमचे गोठणार होते, आणि फरक फक्त परतीचा लागणार होता.

मी म्हटलं, आज काही दाबू नकोस. जा, पोहोच आणि मग बदल. त्याला ते पटेना. "तोवर 12,000 वाली जागाही गेली तर?" प्रश्न रास्त होता. हिस्टॉरिकल भाडं जुन्या यादीतलं असतं, पण त्या अक्षरात जागा मात्र आजची लागते. जुन्या यादीत वरचं अक्षर 18,000 चं होतं. ते लागलं असतं तर परतीचा फरक 9,000 झाला असता आणि बिल पुन्हा 12,500 च्या आसपास गेलं असतं. म्हणजे थांबून वाईटात वाईट झालं तरी आजच्याइतकंच, चांगलं झालं तर निम्मं. अगदी सगळी अक्षरं भरली तर गोष्ट वेगळी. पण त्या दिवसाची उड्डाणं तीन होती, आणि रिकाम्या जागांचा आकडा नऊपर्यंतच दाखवणाऱ्या यादीत 12,000 वाल्या अक्षरापुढे नऊ दिसत होते. नऊ दिसतात तेव्हा नऊ किंवा जास्त जागा असतात. दोन दिसल्या असत्या तर मी थांब म्हटलं नसतं.

दादा थांबला. पोहोचल्याच्या संध्याकाळी त्याने बदल केला. शुल्क 3,000, परतीचा फरक 3,000, कर 500. आजही तो लोकांना सांगतो की बहिणीच्या सल्ल्यामुळे साडेसहा हजारांना बुडालो.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बघा, दादाने आयुष्यभर माझा वेळ असाच खाल्ला.)

बरं, आता जे सांगायला बोलावलं होतं ते भराभर सांगते. खरा खर्च म्हणजे पडद्यावरचं बिल नव्हे. खरा खर्च म्हणजे ते बिल आणि तुमच्यापुढचा दुसरा रस्ता यांची तुलना. दुसरे रस्ते साधारण दोन असतात.

पहिला, सगळं रद्द करून नवं तिकीट. दादाचं रद्द करायचं शुल्क 6,000 होतं, म्हणजे 22,000 मधले 16,000 परत. त्याच कंपनीचं नवं तिकीट त्याच तारखांना 15,000 अधिक 12,000 अधिक कर 4,500, म्हणजे 31,500. खिशातून जाणार 15,500. बदलायला 12,500. फरक बरोबर 3,000, आणि दोन्ही शुल्कांतला फरकही 3,000. हा योगायोग नाही. संपूर्ण तिकीट आजच्या भाड्याने मांडलं जात असेल, तर भाड्यातला फरक दोन्ही रस्त्यांना सारखाच पडतो आणि प्रश्न फक्त शुल्काशुल्काचा उरतो.

पण भाडं उतरलेलं असेल तर पारडं फिरतं. समजा दोन्हीकडचं मिळून 18,000 चं मूळ भाडं आज 13,000 झालंय आणि कर तेच आहेत. पुष्कळ नियमांत उरलेले 5,000 परत देत नाहीत. बदललंत तर 3,000 जातात आणि ते 5,000 बुडतात. रद्द करून नवं घेतलंत तर 6,000 जातात, 5,000 वाचतात, निव्वळ 1,000. महागडं शुल्क भरून स्वस्त पडतं! हे मी लोकांना समजावून सांगायची तेव्हा त्यांना वाटायचं, हिचं यात कमिशन आहे.

दुसरा रस्ता म्हणजे जुनी परती सोडून द्यायची आणि परतीचं एकेरी तिकीट घ्यायचं, दुसऱ्या कंपनीचंही चालेल. दादाला ते 11,000 ला मिळत होतं. न वापरलेल्या परतीचे कर 1,500 परत मिळण्यासारखे होते, म्हणजे 9,500. आजच्या 12,500 पेक्षा स्वस्त, पण थांबण्यापेक्षा महाग. मात्र सोडायचा तो शेवटचाच टप्पा. पहिला सोडलात तर पुढचे आपोआप रद्द होतात, आणि मग तुम्ही विमानतळावर बॅग घेऊन उभे.

आणि "शुल्क शून्य" या पाटीला भुलू नका. 2020 च्या ऑगस्टअखेर युनायटेड एअरलाइन्सने अमेरिकेतल्या देशांतर्गत तिकिटांवरचं 200 डॉलरचं बदलशुल्क काढलं, लगोलग डेल्टा आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनीही काढलं. सर्वांत स्वस्त बेसिक तिकिटं त्यातून वगळली होती, आणि भाड्यातला फरक कोणीही काढला नाही. दादाच्या 12,500 मधून शुल्क वजा करून बघा, 9,500 उरतातच.

समोरून प्रश्न आलाय, चार जण एका तिकिटावर असतील तर? छान प्रश्न, याच्यावर वेगळा तास हवा. सिस्टिम चौघांना एकाच अक्षरात बसवते. स्वस्त अक्षरात दोनच जागा असतील तर चौघांनाही वरचं भाडं लागतं. आधी दोघा-दोघांचं बुकिंग वेगळं करून घ्या, दोघांना तरी खालचं मिळेल. फक्त लहान मुलं एकटी सुटणार नाहीत अशी वाटणी करा.

घंटा झाली. शेवटचं एक, कारण यात सर्वांत जास्त पैसे बुडालेले मी पाहिलेत. काहीही ठरत नसेल तरी उड्डाणाआधी बदल नाहीतर रद्द, काहीतरी नोंदवा. न कळवता विमान सुटलं की त्याला नो-शो म्हणतात. त्याचं शुल्क वेगळं असतं, आणि कित्येक स्वस्त तिकिटांत त्यानंतर करांखेरीज परत मिळण्यासारखं काही उरत नाही. दादाने मागच्या वर्षी नेमकं तेच केलं, पण ती गोष्ट आज सांगायला वेळ नाही.